उघड्या राहिलेल्या फटी

रेडिऑलॉजीत माणसाचा चेहरा फारसा वाट्याला येत नाही. माझ्या वाट्याला येतात ते पंजे. डावा तळवा पालथा, बोटं जरा फाकवलेली, मनगटाचा थोडा भाग आत आलेला. उजवा का नाही, असं एखादी आई विचारते. ज्या तक्त्यांशी आम्ही ताडून पाहतो त्यांत डावा आहे म्हणून डावा, याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. फोटो बघून हाडांचं वय लिहायचं, म्हणजे बोन एज. बाहेर बसलेल्या आईवडिलांना मात्र एवढंच हवं असतं, की पोरगा अजून किती वाढेल? मी स्वतः पाच फूट चार इंच आहे. त्यामुळे हा प्रश्न विचारताना लोक माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात तिची आता सवय झाली आहे. या पंजांच्या नादानं थोडं वाचन झालं, आणि पुरुषाच्या वाढीबद्दलच्या माझ्या बऱ्याच ठाम समजुती सैल झाल्या. त्यातलं काही इथे लिहितो.

१. फोटोत जी फट दिसते, ती रिकामी जागा नसते. मुलाच्या बोटांच्या हाडांना टोकाशी एक काळी रेघ दिसते, जणू हाडाचा तुकडा पडलाय. नवीन टेक्निशियन हमखास विचारतो, "सर, फ्रॅक्चर?" तिथे कूर्चा असते आणि कूर्चा एक्स-रेत उमटत नाही, एवढंच. हीच ग्रोथ प्लेट. तिच्यात पेशी उतरंडीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. एका टोकाला राखीव पेशी, मग भराभर विभागणाऱ्या, मग फुगून मोठ्या झालेल्या. त्या फुगलेल्या पेशी मरतात आणि त्यांच्या जागी हाड धरतं. उंची वाढते ती एवढ्याशा पट्टीत. पुढे कधीतरी पेशी विभागायच्या थांबतात, पट्टी पातळ होते, दोन्ही बाजूंचं हाड एक होतं. फोटोत काळ्या रेघेच्या जागी बारीक पांढरी रेघ येते आणि काही वर्षांत तीही पुसट होते.

मिटण्याला क्रम असतो. बोटांच्या टोकांची हाडं आधी, मनगटाजवळचं रेडियस अगदी शेवटी. मुलींमध्ये हे सगळं मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी उरकतं, म्हणून तक्तेही दोघांचे वेगळे छापलेले असतात. मी रोज योग्य तो तक्ता उघडत होतो. मुलींचं आधी का मिटतं, याचं उत्तर मुलांच्या हाडांबद्दल काही सांगत असेल, असा विचार मात्र तक्ते उलटताना कधी मनात आला नाही.

२. पुरावा भक्कम दिसतो तेव्हा त्यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या नाहीत ना, हे बघायला हवं. आम्हाला शिकवलं गेलं ते सरळ होतं. मुलींच्या फटी इस्ट्रोजेननं मिटतात, मुलांच्या टेस्टोस्टेरॉननं. मुलांच्या बाबतीतला दाखलाही तयार होता. वयात येण्याआधी ज्यांचं वृषण काढलं जातं, ते पुरुष उंच होतात, हातपाय धडाच्या मानानं लांब राहतात. अठराव्या शतकातल्या इटलीत मुलाचा कोवळा आवाज टिकावा म्हणून गायकांवर ही शस्त्रक्रिया करत. त्यांतला सगळ्यांत गाजलेला फारिनेल्ली 1782 साली वारला, तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. 2006 मध्ये बोलोन्यात त्याचे अवशेष उकरून तपासले. हाडं लांब होतीच, शिवाय कमरेच्या हाडाच्या कडेला न मिटलेल्या फटीच्या खुणाही सापडल्या. इतक्या म्हाताऱ्या माणसाच्या सांगाड्यात!

वृषण नाही, टेस्टोस्टेरॉन नाही, म्हणून फटी उघड्या. यात खोट काढायला जागा दिसत नाही. पण पुरुषाच्या अंगातलं जवळजवळ सगळं इस्ट्रोजेन टेस्टोस्टेरॉनपासून किंवा त्याच्या भाऊबंदांपासूनच तयार होतं. अरोमाटेज नावाचं एन्झाइम चरबीत, स्नायूंत, हाडांत, वृषणात बसून ते काम करतं. म्हणजे वृषण काढलं की दोन्ही एकदम जातात. फारिनेल्लीच्या फटी कशाच्या अभावानं उघड्या राहिल्या, हे त्याच्या सांगाड्यावरून ठरवता येत नाही. दोन्हींतलं एकच गेलेलं आहे, असा माणूस सापडायला हवा होता.

३. थोडं असणं आणि नगण्य असणं यांत बरंच अंतर आहे. तरुण पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन इस्ट्राडिओलच्या साधारण 200 पट असतं. एवढ्या व्यस्त प्रमाणाकडे बघून इस्ट्रोजेनला पुरुषाच्या शरीरातला पाहुणा समजणं सोपं होतं. मोजायचीही पंचाईत. वयात येणाऱ्या मुलात ते इतकं कमी असतं, की नेहमीच्या लॅबमधल्या किटचा आकडा फारसा भरवशाचा नसतो. मास स्पेक्ट्रोमेट्री लागते. जे नीट मोजता येत नाही त्याला कामही नसावं, असं डॉक्टरांच्या मनात कधी बसून जातं ते त्यांनाही कळत नाही. माझ्याही बसलं होतं.

४. एकच रुग्ण सगळं पुस्तक हलवू शकतो. 1994 च्या ऑक्टोबरमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एरिक स्मिथ, केनेथ कोराक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अमेरिकन तरुणाची हकिकत छापली. वय 28, उंची 204 सेंटिमीटर, म्हणजे पावणेसात फुटांच्या जवळपास. आणि अजून वाढत होता. वयात तो नेहमीसारखा आला होता. दाढी, आवाज, शरीराची ठेवण, सगळं पुरुषाचं. त्रास होता तो गुडघ्यांचा; ते आतल्या बाजूला वळत चालले होते आणि चालणं बिघडत होतं.

त्याच्या हाडांचं वय भरलं 15. हा पंजा नाव आणि जन्मतारीख झाकून माझ्या टेबलावर आला असता, तर मी बिनदिक्कत 'पंधरा' लिहून पुढचा फोटो उचलला असता. वय ठरवण्यासाठी कोर्टाकडून येणाऱ्या केसमध्ये आम्ही दोनेक वर्षांची सूट धरतो. इथे तेरा वर्षांचा फरक! शिवाय हाडं विरळ होती, पाळी गेलेल्या बाईच्या हाडांची आठवण यावी इतकी.

आता रक्ताकडे बघू. टेस्टोस्टेरॉन नॉर्मल. जुन्या शिकवणीप्रमाणे फटी दहा वर्षांपूर्वीच मिटायला हव्या होत्या. इस्ट्रोजेन कमी असेल म्हणावं, तर तेही भरपूर, नेहमीपेक्षा जास्तच. मेंदूतून वृषणाला येणारे एलएच आणि एफएसएच हे हॉर्मोनही चढलेले. याचा अर्थ लावायला जरा थांबावं लागतं. इस्ट्रोजेन पुरेसं झालं, की मेंदू एरवी हात आखडता घेतो. इथे इस्ट्रोजेन भरपूर असूनही तो घेत नव्हता, म्हणजे ते त्याला जाणवतच नव्हतं. मग डॉक्टरांनी त्याला सहा महिने त्वचेवरच्या पॅचमधून मोठ्या मात्रेत इस्ट्रोजेन दिलं. एरवी एवढ्यानं पुरुषाची छाती दुखायला, वाढायला लागते. याला काहीच झालं नाही. फटी जशाच्या तशा, एलएच तसंच.

दोष निघाला इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जीनमध्ये. आईवडील एकमेकांचे दूरचे नातेवाईक होते आणि दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत होती. मुलाकडे दोन्ही आल्या. एका ठिकाणचं एकच अक्षर बदललेलं, पण त्यानं 595 अमिनो आम्लांचं प्रोटीन 157 व्या जागीच थांबवलं. हॉर्मोन धरायचा भाग पुढे असतो, तो तयारच होत नव्हता. तोवर बऱ्याच जणांचा समज असा, की इस्ट्रोजेन रिसेप्टरशिवाय गर्भ तगणारच नाही. इथे तसा माणूस दवाखान्यात येऊन गुडघ्यांची तक्रार सांगत होता.

मला या शोधनिबंधातला सगळ्यांत आवडलेला भाग म्हणजे तो पॅच. जीन वाचून निदान झालंच असतं. पण जे औषध लागू पडणार नाही असं वाटतंय तेच देऊन बघायचं, आणि 'लागू पडलं नाही' हाच निकाल म्हणून लिहायचा, याला वैद्यकातला एक शांत प्रकारचा धीर लागतो.

५. एका माणसानं प्रश्न उभा राहतो. उत्तर पक्कं व्हायला वेगळ्या दोषाचा दुसरा माणूस लागतो. पहिल्या तरुणाबद्दल शंका घेता येत होती. रिसेप्टर नसल्यानं आणखी काय काय बिघडलं असेल कोण जाणे. पुढच्याच वर्षी, 1995 मध्ये, अकिरा मोरिशिमा आणि मेल्विन ग्रुम्बाक यांच्या गटानं एका बहीणभावाची माहिती छापली. त्यांचे रिसेप्टर शाबूत होते, पण अरोमाटेज काम करत नव्हतं. भावाचं वय 24, उंची पुन्हा 204 सेंटिमीटर, हाडांचं वय 14. टेस्टोस्टेरॉन उदंड, त्याचं इस्ट्रोजेन होत नव्हतं.

या कुटुंबाची एक गोष्ट वाचून मी पुस्तक खाली ठेवलं होतं. दोन्ही गरोदरपणांत आईमध्ये पुरुषी लक्षणं दिसायला लागली होती आणि बाळंतपणानंतर ती ओसरली. वारेतलं अरोमाटेज बाळाकडून येणारे पुरुषी हॉर्मोन एरवी इस्ट्रोजेनमध्ये बदलत असतं आणि आईला त्यांची झळ लागू देत नाही. वार बाळाच्या जीनवर चालते. बाळाकडे एन्झाइम नाही, म्हणजे वारेकडे नाही. मुलाच्या हाडांची गोष्ट चोवीस वर्षं आधी आईच्या अंगावर दिसून गेली होती. तेव्हापासून असा उंच, वाढ न थांबलेला तरुण बघणाऱ्या डॉक्टरला मी आवर्जून सांगतो, की आईला तिच्या गरोदरपणाबद्दल विचारा. असा रुग्ण आमच्याकडे अजून आलेला नाही, त्यामुळे माझा हा सल्ला ऐकून लोक मान डोलावतात आणि चहा मागवतात.

खरा निकाल लागला तो 1997 मध्ये, इटलीतल्या मोदेनाच्या चेझारे कारानी यांच्या रुग्णावर. अडतीस वर्षांचा गृहस्थ, अरोमाटेज नाही, फटी उघड्या, अठराव्या वर्षानंतरही उंची चढत गेलेली. त्याला आधी जास्तीचं टेस्टोस्टेरॉन दिलं. हाडांना काही फरक नाही. मग इस्ट्राडिओलचे पॅच लावले. काही महिन्यांत फटी मिटल्या आणि मणक्यांची घनता वाढली. तोच माणूस, तीच हाडं, फक्त औषध बदललेलं. फारिनेल्लीच्या सांगाड्यात जी गाठ सुटत नव्हती, ती इथे सुटली. बहीणभावांतल्या त्या भावालाही इस्ट्रोजेन दिल्यावर त्याची वाढ थांबली आणि हाडं भरत गेली. 1998 मध्ये जॉन बिलेझिकियन यांनी ते लिहिलं. अशा पुरुषाला अगदी थोड्या मात्रेत इस्ट्राडिओल द्यावं लागतं, आणि ते फटी मिटल्यावरही चालू ठेवावं लागतं, कारण ते थांबवलं की हाड पुन्हा झिजतं. मात्रा पुरुषाच्या रक्तात असते तेवढीच ठेवली, तर छाती वाढण्याची भीती राहत नाही.

पहिल्या तरुणासाठी मात्र असा पॅच नव्हता. त्याच्याकडे औषध धरायला रिसेप्टरच नव्हता. दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर मला फरक सांगता येणार नाही, आणि उपचार मात्र एकालाच.

६. उलट बाजूनं बघितलं की शंका उरत नाही, आणि ती बाजू कितीतरी आधीपासून समोर होती. काही व्यक्तींची गुणसूत्रं एक्सवाय असतात, आत वृषणही असतं, पण टेस्टोस्टेरॉनचा रिसेप्टर अजिबात चालत नाही. त्या जन्मापासून मुली म्हणूनच वाढतात. वयात येताना पाळी आली नाही म्हणून तपासणी होते तेव्हा कळतं. त्यांच्या अंगात टेस्टोस्टेरॉनचा शून्य परिणाम. तरी वयात येताना त्यांची उंची झपाट्यानं वाढते आणि फटी वेळेवर मिटतात. त्यांचं टेस्टोस्टेरॉन अरोमाटेजकडे जातं आणि इस्ट्रोजेन होऊन हाडापर्यंत पोचतं. हे रुग्ण 1994 च्या कितीतरी आधी पाठ्यपुस्तकांत होते. आम्ही ते प्रकरण परीक्षेसाठी पाठ केलं, हाडांच्या प्रकरणाला जोडलं नाही.

७. इस्ट्रोजेन आलं आणि फट मिटली, इतकं ते झटपट नसतं. तसं असतं तर वयात येऊ लागलेल्या मुलाची उंची इस्ट्रोजेन चढताच थांबली असती. घडतं उलटंच. सुरुवातीला इस्ट्रोजेन थोडं असतं, तेव्हा ते ग्रोथ हॉर्मोनला जोर देऊन वाढ पळवतं. वर्षानुवर्षं ते चढत गेल्यावरच पट्टी थकते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या जेफ्री बॅरन यांच्या गटानं 2001 मध्ये सशांवर केलेल्या कामातून पुढे आलेलं चित्र मला पटतं. पट्टीतल्या पेशींना ठरावीक वेळाच विभागता येतं, आणि इस्ट्रोजेन ती शिल्लक लवकर खर्च करवतं. शिल्लक संपली की पट्टी मिटते. म्हणून मोदेनाच्या अडतीस वर्षांच्या माणसाच्या फटी काही महिन्यांत मिटल्या; त्यांची बरीचशी शिल्लक आधीच गेली होती. पाच वर्षांच्या मुलाला तेवढंच इस्ट्रोजेन मिळालं तर फट मिटायला वर्षं लागतात.

वेळेआधी वयात येणारी मुलं याची दुसरी बाजू दाखवतात. वर्गात सगळ्यांत उंच म्हणून कौतुक झालेला सातआठ वर्षांचा मुलगा, त्याच्या हाडांचं वय बारा. असा फोटो समोर आला की मी स्वतः फोन उचलतो, रिपोर्ट जाण्याची वाट बघत नाही. उंची बघून घरचे खूश असतात, आणि पुढे हाच मुलगा मित्रांपेक्षा बुटका राहणार असतो. अशा एका आनुवंशिक प्रकारात वृषण लहानपणीच स्वतःहून टेस्टोस्टेरॉन सोडू लागतं. तिथे नुसतं टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणारं औषध पुरत नाही. जोडीला अरोमाटेज अडवणारंही लागतं. अमेरिकेत 1989 मध्येच असे एकत्र उपचार छापून आले होते.

८. समजलेली गोष्ट लगेच बाजारात येते. मुलांचे बाबा मला आता थेट औषधाचं नाव घेऊन विचारतात, "डॉक्टर, लेट्रोझोल दिलं तर फट उशिरा मिटेल ना?" प्रश्न चुकीचा नाही. लेट्रोझोल अरोमाटेज अडवतं. स्तनाच्या कर्करोगासाठी ते वापरतात. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी उशिरा वयात येणाऱ्या मुलांना टेस्टोस्टेरॉनबरोबर ते देऊन पाहिलं. ते 2001 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. नुसत्या टेस्टोस्टेरॉनच्या मानानं हाडांचं वय हळू पुढे सरकलं, आणि अंदाजी उंची वाढली.

अंदाजी, हा शब्द मी बाबांना सावकाश सांगतो. अंदाज माझ्यासारख्याच कुणीतरी पंजा बघून बांधलेला असतो. त्यातून मोठेपणी खरोखर किती सेंटिमीटर पदरात पडतात, याचे आकडे त्या अंदाजाइतके उत्साही नाहीत. आणि इस्ट्रोजेन अडवलेल्या मुलाचं काय होतं, हे त्या 204 सेंटिमीटरच्या दोन तरुणांनी सांगून ठेवलंय. उंची मिळाली, हाड पोकळ राहिलं. लेट्रोझोल घेतलेल्या बुटक्या मुलांपैकी काहींच्या मणक्यांचा आकार बिघडलेला फिनलंडच्याच डॉक्टरांना दिसला. मुलांना काही दुखत नव्हतं. फोटो काढला म्हणून दिसलं.

म्हणून असं औषध चालू असलेला मुलगा माझ्याकडे आला, की पंजा बघून झाल्यावर त्याला कुशीवर वळायला सांगतो आणि पाठीच्या कण्याचाही एक फोटो काढून घेतो. चिठ्ठीत तो लिहिलेला नसतो, त्यामुळे काउंटरवर बिलाची थोडी हुज्जत होते.